प्रोटीन ए: इल्यूएट रात्रभर स्वच्छ, डायलिसिसमध्ये मात्र गढूळ. चूक कुठे शोधायची?

पारिजात:
नमस्कार मंडळी. सशाच्या सीरममधून आयजीजी वेगळे काढायचे काम सध्या माझ्याकडे आहे. कॉलममध्ये १ मिली प्रोटीन ए रेझिन आहे आणि सगळे गुरुत्वाकर्षणावरच चालते, पंप नाही. ३ मिली सीरम तेवढ्याच पीबीएसमध्ये मिसळले, सेंट्रिफ्यूज करून वरचा चरबीचा थर टाळला, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले आणि हळूहळू कॉलमवर सोडले. बफरचा पीएच ७.४. मग ए२८० शून्याजवळ येईपर्यंत पीबीएसने धुतले.

इल्यूशनसाठी ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच २.७. एकेक मिलीची पाच फ्रॅक्शन घेतली. प्रत्येक ट्यूबमध्ये आधीच ५० मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस घालून ठेवले होते. आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलेल्या प्रोटोकॉलच्या कागदावर "१ मोलर ट्रिस, विसावा भाग" एवढेच लिहिले आहे.

संध्याकाळी पाचही ट्यूब अगदी स्वच्छ होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रॅक्शनमध्ये भरपूर प्रथिन होते, दुसऱ्यात मिलीला ६ मिग्रॅच्या आसपास. ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पीबीएसमध्ये डायलिसिसला लावल्या आणि तासाभरात पिशवीत दुधाळ धूसर दिसू लागले. दुसरे फ्रॅक्शन सर्वांत वाईट, तिसरे त्याखालोखाल, पहिले मात्र स्वच्छच राहिले. एलायझात दुसऱ्या फ्रॅक्शनचा सिग्नल मूळ सीरमच्या मानाने फारच पडला आहे.

माझा संशय पीबीएसवर आहे, कारण त्यात जाईपर्यंत काहीच बिघडले नव्हते. डायलिसिसचा बफर बदलू का? की बाइंडिंगमध्येच काही चुकते आहे?

उद्योगी:
२.७ पीएच फार खाली आहे, मूळ दोष तोच. इल्यूशन पीएच ३.५ ला करून बघा, शक्य असेल तर ४ ला. अँटिबॉडीला उगाच इतक्या तीव्र आम्लात बुडवायची गरज नसते.

नवखा_१:
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. एलायझाचा सिग्नल पडला, याचा अर्थ तुमच्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी कॉलमला चिकटलीच नाही असा नाही का? प्रोटीन ए फक्त कामाची अँटिबॉडी धरते ना, म्हणजे बाकीचे आयजीजी धुऊन जायला हवे होते.

रानवारा:
@नवखा_१, तसे नाही. प्रोटीन एला अँटिजेनशी काही देणेघेणे नाही. ते आयजीजीच्या एफसी भागाला, म्हणजे दांड्याला धरते. अँटिजेन पकडणारी टोके मोकळीच राहतात. सशाच्या आयुष्यात जेवढ्या जंतूंविरुद्ध आयजीजी तयार झाले तेवढे सगळे कॉलमवर येते. लस दिलेल्या सशातही तुमच्या अँटिजेनविरुद्धचा वाटा एकूण आयजीजीत लहानच असतो. फक्त तोच हवा असेल तर अँटिजेन जोडलेले वेगळे रेझिन लागते. त्यामुळे पारिजात यांनी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी तुलना केली, तर शुद्ध आयजीजीचा सिग्नल चांगला यायला हवा. तो पडला असेल तर रेणूंना इजा झाली असे मानायला जागा आहे.

@पारिजात, एक साधा प्रश्न. तुमच्या ट्रिसचा पीएच किती? कागदावर नाही हे कळले, बाटलीवर काय लिहिले आहे? आणि एखादे फ्रॅक्शन डायलिसिसला न लावता तसेच ठेवले असेल, तर त्याचा एक थेंब पीएच पट्टीवर टाकून बघा. पीबीएसवर संशय घेण्याआधी हे बघायला हवे.

टिटवी:
इथेच माझेही विचारते. मी उंदराच्या सीरमवर काम करते. बफर तोच, पीबीएस ७.४. आयजीजी मिळते, पण अगदी थोडे, आणि फ्लो-थ्रूमध्ये एलायझा जोरदार येतो. रेझिन नवीन आहे. पारिजात यांच्यासारखेच काही असेल का?

रानवारा:
@टिटवी, तुमचे दुखणे वेगळे आहे, ते बाइंडिंगचे आहे. पारिजात यांचे प्रकरण आधी संपवू, मग तुमच्याकडे येतो. तोवर एक सांगा, उंदरांना अँटिजेन कशाबरोबर टोचले होते?

पारिजात:
बाटली पाहिली. १ मोलर ट्रिस-एचसीएल, पीएच ८.०. डीएनएच्या कामासाठी जी नेहमी बनवून ठेवतात तीच. चौथे फ्रॅक्शन शिल्लक होते, त्यात प्रथिन थोडेच आहे. पट्टीवर ३ आणि ४ च्या मधला रंग आला. मला ७ च्या वर अपेक्षित होता. ट्रिस घालूनही असे कसे?

चौकट:
हिशेब मांडला की लगेच दिसते.

ग्लायसिनच्या आम्ल गटाचा पीकेए साधारण २.३५. पीएच २.७ ला ०.१ मोलर ग्लायसिनपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जादा प्रोटॉन बाळगून असतो. मोकळे प्रोटॉन धरले तर १ मिलीमध्ये सुमारे ३३ मायक्रोमोल आम्ल आहे. न्यूट्रल व्हायचे तर एवढे आम्ल ट्रिसने गिळले पाहिजे.

आता ट्रिसकडे बघू. त्याचा पीकेए ८.१ च्या आसपास. बाटलीचा पीएच ८.० असेल तर त्यातले निम्म्याहून थोडे कमी ट्रिस मोकळ्या बेसच्या रूपात असते, बाकीचे आधीच प्रोटॉन घेऊन बसलेले असते. तुमच्या ५० मायक्रोलिटरमध्ये एकूण ५० मायक्रोमोल ट्रिस आहे, पण कामाचे फक्त २३ च्या आसपास. ३३ विरुद्ध २३. दहा मायक्रोमोल आम्ल उरले आणि पीएच ३.३ च्या जवळ अडकला. पट्टीने तेच दाखवले.

तेच ५० मायक्रोलिटर पीएच ९.० च्या बाटलीतले असते तर ट्रिसचा नऊ-दशांश भाग मोकळा असता, म्हणजे ४५ मायक्रोमोल. ३३ खर्च होऊन १२ उरले असते आणि पीएच ७.५ वर थांबला असता. मोलॅरिटी तीच, आकारमान तेच. कागदावर जी एक गोष्ट लिहायची राहिली तिनेच सगळा फरक पडला.

रानवारा:
@चौकट, हिशेब बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो की मिलीला ६ मिग्रॅ आयजीजी असेल तर प्रथिन स्वतःही थोडे आम्ल धरून ठेवते. त्यामुळे दाट फ्रॅक्शनना पातळ फ्रॅक्शनपेक्षा किंचित जास्त ट्रिस लागते. माझ्या हाताला सवय मिलीला ६० ते ७० मायक्रोलिटर, पीएच ९.० ची आहे. १०० घातले तरी पीएच ८.२ च्या आसपास जातो आणि पुढे डायलिसिस असेल तर त्याने काही बिघडत नाही. कमी पडण्यापेक्षा थोडे जास्त परवडते.

आता गढूळपणा डायलिसिसमध्येच का दिसला ते सांगतो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. पीएच ३.३ ला आयजीजीवर भरपूर धन भार असतो. रेणू एकमेकांना ढकलतात, मीठही फारसे नसते, म्हणून द्रावण स्वच्छ दिसते. पण त्याच वेळी रेणूची घडी, विशेषतः एफसीमधला सीएच२ भाग, सैल पडत जातो आणि आत दडलेले पाण्याला टाळणारे भाग उघडे होतात. तुमच्या ट्यूब रात्रभर या अवस्थेत होत्या. सकाळी त्या पीबीएसमध्ये गेल्या, पीएच वर चढला, भार ओसरला, मिठानेही उरलेला भार झाकला आणि सैल झालेले रेणू एकमेकांना चिकटले. पीबीएसने इजा केली नाही. आदल्या संध्याकाळपासून होत असलेली इजा तिथे फक्त डोळ्यांना दिसली. बफर बदललात तर फार तर गढूळपणा उशिरा दिसेल.

पहिल्या फ्रॅक्शनची साक्षही याच बाजूची आहे. कॉलममध्ये शेवटच्या वॉशचा पीबीएस भरलेला असतो आणि पहिल्या मिलीत बराचसा तोच बाहेर येतो. त्यामुळे त्या ट्यूबमध्ये आम्ल कमी पोचले आणि तेवढे ट्रिस तिला पुरले.

पारिजात:
पण पहिल्या फ्रॅक्शनमध्ये प्रथिनही कमीच होते. म्हणूनही ते स्वच्छ राहिले असेल ना?

रानवारा:
हो, शक्य आहे. त्या एका ट्यूबवरून सिद्ध काहीच होत नाही. पट्टीवरचा रंग हा खरा पुरावा.

उद्योगी:
मला हे पूर्ण पटत नाही. आम्ही मोनोक्लोनलच्या उत्पादनात प्रोटीन ए नंतर इल्यूएट मुद्दाम पीएच ३.५ ते ३.७ ला तासभर धरतो, विषाणू निष्क्रिय करण्यासाठी. त्याने अँटिबॉडी मरत नाही. नाहीतर निम्म्या औषधांचे उत्पादनच झाले नसते. म्हणून मी अजूनही म्हणतो की दोष २.७ चा आहे. त्या एका पायरीत जे व्हायचे ते होऊन गेले, रात्रभराचा संबंध कमी.

रानवारा:
@उद्योगी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तीन फरक लक्षात घ्या. तुमची अँटिबॉडी एकच आहे आणि ती कमी पीएच सोसते हे आधी तपासूनच पुढे घेतलेली असते. सशाच्या सीरममध्ये असंख्य वेगवेगळे रेणू असतात. त्यातले काही दणकट, काही नाजूक, आणि निवड कोणीच केलेली नसते. दुसरे म्हणजे तुमचा तास घड्याळ लावून मोजलेला असतो, इथे पूर्ण रात्र गेली. तिसरे, २.७ शी संपर्क कॉलममध्ये काही मिनिटांचाच असतो. सशाचे आयजीजी २.७ ला इल्यूट करून लगेच न्यूट्रल केलेले मी पुष्कळ पाहिले आहे, ते स्वच्छ राहते आणि काम करते.

पीएच ४ ला जायचे म्हणाल तर सशाचे आयजीजी प्रोटीन एला घट्ट धरून असते. ४ ला ते अर्धवट सुटते, शेपटी लांबते, फ्रॅक्शन पातळ होतात आणि उरलेले रेझिनवरच राहते. पुढच्या सीरमच्या वेळी ते बाहेर पडते, आणि ते सीरम दुसऱ्या सशाचे असेल तर दोन्हींची भेसळ होते. ३.० पर्यंत वर जाऊन बघायला माझी हरकत नाही.

उद्योगी:
३.० वर आपले एकमत होऊ शकते. पण काही मिनिटांत काहीच होत नाही, हे पॉलिक्लोनलसाठी कोणी मोजून दाखवल्याशिवाय मी धरून चालणार नाही. एकाच फ्रॅक्शनचे दोन भाग करावेत. एक लगेच न्यूट्रल करावा, दुसरा तासभर तसाच ठेवून मग, आणि दोन्हींचा एलायझा शेजारी शेजारी लावावा.

नवखा_१:
आमच्याकडे ग्लायसिनऐवजी ०.१ मोलर सायट्रेट, पीएच ३.० वापरतात. त्यालाही हेच ५० मायक्रोलिटर चालतील का?

चौकट:
मुळीच नाही. सायट्रेटला तीन आम्ल गट आहेत आणि त्यांचे पीकेए ३.१ पासून ६.४ पर्यंत पसरलेले आहेत. पीएच ३ पासून ७.५ पर्यंत चढताना वाटेत तिन्ही गट ट्रिस खातात. १ मिली सायट्रेटला अंदाजे २५० मायक्रोमोल बेस लागतो, ग्लायसिनच्या सातपट. म्हणजे पीएच ९.० चे १ मोलर ट्रिस ३५० मायक्रोलिटरच्या पुढे. फ्रॅक्शन एक तृतीयांशाने पातळ होते. सायट्रेट घ्यायचेच असेल तर २ मोलर ट्रिस ठेवा किंवा सायट्रेटची तीव्रता कमी करा.

बफर कोणताही असो, कॉलमवर मौल्यवान सीरम चढवण्याआधी एक कोरी चाचणी करा. १ मिली इल्यूशन बफर साध्या ट्यूबमध्ये घ्या, ठरवलेले ट्रिस घाला, हलवा, पट्टी लावा. प्रथिन नाही, रेझिन नाही. अपुरे ट्रिस तिथेच कळते. पट्टी मात्र ६ ते ८ च्या मधले फरक दाखवणारी घ्या. १ ते १४ च्या पट्टीवर ६ आणि ७.५ चे रंग ओळखणे अवघड जाते.

टिटवी:
उंदरांना तुरटीबरोबर टोचले होते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅडज्युव्हंट. त्याचा बाइंडिंगशी काय संबंध?

रानवारा:
थेट संबंध आहे. ते अ‍ॅडज्युव्हंट उंदरात प्रामुख्याने आयजीजी१ प्रकारचा प्रतिसाद देते. आणि उंदराचे आयजीजी१ प्रोटीन एला पीएच ७.४ ला फार सैल धरते. आयजीजी२ए आणि २बी नीट धरतात. म्हणजे तुमच्या कॉलमवर जुने इतर आयजीजी थांबले आणि ज्यासाठी उंदीर टोचले तेच फ्लो-थ्रूमध्ये वाहून गेले. तुमचा एलायझा तेच सांगतो आहे. रेझिनचा दोष नाही.

प्रोटीन ए आणि एफसी जिथे भेटतात तिथे पाण्याला टाळणाऱ्या भागांचा मेळ असतो आणि दोन्ही बाजूंना हिस्टिडिन असतात. पीएच खाली आला की हिस्टिडिनवर धन भार येतो, दोन्ही बाजू एकमेकींना ढकलतात आणि पकड सुटते. आम्लाने इल्यूशन होते ते मुख्यतः यामुळे. पकड मुळातच सैल असेल तर उलट दिशेला जायचे. पीएच ८.९ च्या आसपास न्या म्हणजे हिस्टिडिनवर भार जवळजवळ राहत नाही, आणि मीठ खूप वाढवा म्हणजे पाण्याला टाळणारी जवळीक घट्ट होते. १.५ मोलर ग्लायसिन आणि ३ मोलर सोडियम क्लोराइड, पीएच ८.९, हा त्यासाठीचा जुना बफर आहे. सीरम त्यात मिसळा आणि वॉशही त्यातच करा. पीबीएसने धुतलेत तर आयजीजी१ वॉशमध्येच निघून जाईल.

याचा एक फायदाही होतो. सैल धरलेले आयजीजी१ पीएच ६ च्या सायट्रेटनेच सुटते, त्याला २.७ दाखवायची गरज नाही. आधी ६ ला ते काढून घ्या, मग ३.५ ला बाकीचे.

टिटवी:
३ मोलर मिठात सीरममधले काही खाली बसणार नाही का?

रानवारा:
बसू शकते. म्हणून बफर मिसळल्यावर थोडा वेळ थांबा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, गाळा आणि मगच कॉलमवर घाला. नाहीतर कॉलम तुंबतो. उंदराच्या सीरमसाठी प्रोटीन जी हा दुसरा मार्ग आहे. ते आयजीजी१ ला साध्या पीएचलाच घट्ट धरते. फक्त त्याच्यावरून सोडवायला पीएच २.५ ते २.७ लागतो, म्हणजे न्यूट्रल करण्याची काळजी तिथे जास्त. कोणते घ्यावे यावर माझे ठाम मत नाही. थोडेच सीरम असेल तर मी प्रोटीन जी घेईन.

पारिजात:
टिटवी यांच्या प्रश्नावरून आठवले, माझ्याही फ्लो-थ्रूमध्ये आयजीजी आहे. रिड्यूस करून जेल चालवले तर ५० आणि २५ किलोडाल्टनला स्पष्ट पट्टे आहेत. माझाही बाइंडिंगचा पीएच वाढवू का?

रानवारा:
नको. सशाचे आयजीजी ७.४ ला व्यवस्थित धरते. तुमचा प्रश्न जागेचा आहे. सशाच्या सीरममध्ये मिलीला साधारण १० मिग्रॅ आयजीजी धरा, लस दिलेल्या सशात त्याहून जास्तही असते. ३ मिली म्हणजे ३० मिग्रॅ किंवा अधिक. जुन्या पद्धतीच्या प्रोटीन ए अ‍ॅगारोजची क्षमता मिलीला २० मिग्रॅच्या आसपास असते, आणि सीरम भराभर गेले तर तेवढीही भरत नाही. फ्लो-थ्रू टाकू नका. कॉलम आम्लाने मोकळा करून पीबीएसने पुन्हा ७.४ वर आणा आणि तेच फ्लो-थ्रू परत चढवा. दुसऱ्या फेरीच्या फ्लो-थ्रूमध्येही पट्टे तसेच राहिले तर मात्र वेगळा विचार करू.

गढूळ झालेले फ्रॅक्शन सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण वेगळे ठेवा. त्याचे ए२८० वाचताना ए३२० पण वाचा. ते शून्याजवळ नसेल तर प्रकाश विखुरतो आहे आणि तुमचे मिलिग्रॅम फुगलेले दिसत आहेत. एलायझातली तूट थोडीशी यामुळेही असू शकते. पण वरचे द्रावण स्वच्छ दिसले म्हणून ते चांगलेच आहे असे समजू नका. लहान गठ्ठे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसत नाहीत. ते जेल फिल्ट्रेशनवरच दिसतात.

पारिजात:
जे केले ते इथे लिहिते. आधी कोरी चाचणी केली. पीएच ८.० च्या ट्रिसचे ५० मायक्रोलिटर घातले, तर पट्टी लालसरच. पीएच ९.० चे ट्रिस ताजे बनवून ६० मायक्रोलिटर घातले, तर ७.५ च्या जवळ. मग जपून ठेवलेले फ्लो-थ्रू पुन्हा कॉलमवर सोडले. इल्यूशन या वेळी पीएच ३.० ला. थेंब पडत असतानाच ट्यूब हळू हलवत राहिले, फेस येऊ दिला नाही, आणि प्रत्येक ट्यूब भरल्याबरोबर तिचा एक थेंब पट्टीवर टाकला. त्याच दुपारी डायलिसिसला लावले.

पिशवी स्वच्छ आहे. ए३२० जवळजवळ शून्य. एलायझा सीरमशेजारी लावला, दोन्हीकडे आयजीजीचे मिलिग्रॅम सारखे धरून, आणि सिग्नल आता सीरमच्या बरोबरीने येतो आहे. दुसऱ्या फेरीच्या फ्लो-थ्रूमध्ये पट्टे अगदी फिके आहेत.

जुने गढूळ फ्रॅक्शन सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या द्रावणात निम्म्याहून कमी प्रथिन उरले, आणि त्याचा सिग्नल नव्या फ्रॅक्शनपेक्षा कमीच आहे. ते वापरणार नाही.

उद्योगी:
छान झाले. पण तुम्ही ट्रिस आणि इल्यूशनचा पीएच दोन्ही एकदम बदललेत, त्यामुळे माझ्या आणि रानवारा यांच्या वादाचा निकाल यातून लागत नाही.

पारिजात:
खरे आहे. त्याच सशाचे नंतरचे सीरम यायचे आहे. त्या वेळी २.७ लाच इल्यूट करून दाट फ्रॅक्शनचे दोन भाग करते, तुम्ही सांगितले तसे. तासाभराऐवजी एक भाग रात्रभर ठेवू का?

उद्योगी:
तीन भाग करा. एक लगेच न्यूट्रल, एक तासाने, एक सकाळी. तिन्हींत ट्रिस मोजून सारखेच घाला.

टिटवी:
मी पीएच ८.९ चा बफर बनवला. उंदराच्या सीरममध्ये मिसळल्यावर थोडे धूसर झाले, ते गाळून कॉलमवर घातले आहे. पीएच ६ चे फ्रॅक्शन आले की त्याचे आणि फ्लो-थ्रूचे दोन्ही एलायझा इथे टाकते.